सत्तावीस इंची मॉनिटर: फुल एचडी, क्यूएचडी की फोरके?

फोंड्याच्या आमच्या वहिनी घरी बसून मराठी मुद्रितं तपासतात. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हस्तपत्रकं, अधूनमधून एखाद्या दिवाळी अंकाची पानं. आजवर हे सगळं चौदा इंची लॅपटॉपवर चाललं होतं, आता मॉनिटर घ्यायचाय. म्हापशाच्या दुकानात त्यांना सत्तावीस इंची फुल एचडी सुचवला गेला: स्वस्त आणि मोठा. वाचनाच्या कामाला मी नेमका तोच घेऊ नका म्हणेन, आणि त्याचं कारण खोक्यावर सहसा न छापलेल्या एका आकड्यात आहे.

तो आकडा म्हणजे घनता, एका इंचात किती पिक्सेल बसले आहेत ते. रिझोल्यूशन फक्त एकूण पिक्सेल सांगतं आणि इंच फक्त काचेचा कर्ण. फुल एचडीचे १९२० × १०८० पिक्सेल चौदा इंचांत कोंबले काय किंवा सत्तावीस इंचांवर पसरले काय, संख्या तीच राहते, मोठा होतो तो प्रत्येक ठिपका. हिशोब शाळेतल्या पायथागोरसचा आहे. क्यूएचडी म्हणजे २५६० × १४४०. दोन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज ८६,२७,२००, तिचं वर्गमूळ सुमारे २९३७. त्याला २७ ने भागलं की १०९ येतात. वहिनींसमोरचे पर्याय, आणि तुलनेला चोवीस इंची, असे मांडता येतील:

| | २४ इंची फुल एचडी | २७ इंची फुल एचडी | २७ इंची क्यूएचडी | २७ इंची फोरके |
|---|---|---|---|---|
| रिझोल्यूशन | १९२० × १०८० | १९२० × १०८० | २५६० × १४४० | ३८४० × २१६० |
| इंचाला पिक्सेल | ९२ | ८२ | १०९ | १६३ |
| एका पिक्सेलची रुंदी | ०.२८ मिमी | ०.३१ मिमी | ०.२३ मिमी | ०.१६ मिमी |
| ठिपके दिसेनासे होण्याचं अंतर | ९५ सेंमी | १०७ सेंमी | ८० सेंमी | ५४ सेंमी |

शेवटची ओळ डोळ्याच्या मर्यादेवरून काढली आहे. चांगल्या नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं अंतर वेगळं दिसतं, त्याहून बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात. वहिनींचं टेबल दोन फुटी, म्हणजे डोळा पडद्यापासून साठ-पासष्ट सेंटीमीटरवर. तिथून फोरके गुळगुळीत दिसेल. क्यूएचडीवर बारकाईने पाहिलं तर ठिपका जाणवेल, पण अक्षरांच्या कडा मऊ करायची सोय विंडोजमध्ये असते, ती एवढी उणीव भरून काढते. सत्तावीस इंची फुल एचडीला मात्र एक मीटरहून मागे सरकावं लागेल, आणि मागे भिंत आहे.

देवनागरीला हा फरक रोमन लिपीपेक्षा जास्त भोवतो, कारण आपलं अक्षर शिरोरेषेच्या वर आणि खालीही वाढतं. नऊ पॉइंटचा टाइप शंभर टक्के स्केलिंगला, म्हणजे विंडोजने अक्षरं मोठी न करता, बारा पिक्सेल उंचीत बसवला जातो. त्या बारा ओळींतच वरची मात्रा, रफार, अनुस्वार, शिरोरेषा, अक्षराचं अंग आणि खालचा उकार मावायचा असतो. ‘वर्षात’ आणि ‘वर्षांत’ शेजारी टाइप करून पाहा. रफाराच्या कुशीतलं टिंब एक-दोन पिक्सेलांचं उरतं आणि जाड पिक्सेलवर ते रफारातच विरून जातं. ‘उद्ध्वस्त’मधली जोडणी काळा गोळा होते, ‘कर्तृत्व’मधला ऋकार नुसता उकार वाटतो. मुद्रित तपासणाऱ्याचं कामच त्या टिंबावर चालतं. सत्तावीस इंची फुल एचडीवर अक्षरं उंचीला मोठी दिसतात हे खरं, तोच बारा पिक्सेलांचा टाइप तिथे ३.७ मिमी होतो आणि क्यूएचडीवर २.८ मिमी. पण अक्षर मोठं झालं म्हणून त्यात तपशील वाढत नाही. तेच बारा पिक्सेल, फक्त फुगलेले.

फोरकेवर शंभर टक्के ठेवलं तर तोच टाइप दोन मिलिमीटरलाही पोचत नाही, म्हणून तिथे स्केलिंग दीडशे टक्के करतात. मग अक्षराची उंची क्यूएचडीएवढीच, २.८ मिमी होते, पण ती बाराऐवजी अठरा पिक्सेलांनी काढलेली असते. म्हणजे पडद्यावर जागा तेवढीच आणि अक्षर सव्वादोनपट ठिपक्यांचं. जास्तीचे पैसे जातात ते या रेखीवपणासाठी. फोरके घेतल्याने एकावेळी जास्त मजकूर दिसेल ही समजूत मात्र सत्तावीस इंचांवर टिकत नाही.

एवढं वाचून वहिनींनी फोरकेच घ्यावा असं वाटेल, आणि वर्ड, ब्राउझर, पीडीएफ एवढंच काम असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पण त्यांच्याकडे येणारी बरीच पानं छापखान्यातून पेजमेकर ७ मध्ये येतात. ते २००१ सालचं सॉफ्टवेअर आहे, स्केलिंग म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नाही. विंडोज मग त्याची खिडकी छोटी काढून चित्रासारखी ताणते आणि अक्षर पुसट होतं, तेही सगळ्यात महागड्या पडद्यावर. शॉर्टकटच्या `Properties` मध्ये `Compatibility`, तिथे `Change high DPI settings` उघडून `Override high DPI scaling behavior` वर खूण करून `Application` निवडलं तर पुसटपणा जातो, पण मेनूची अक्षरं मुंगीएवढी होतात. क्यूएचडी शंभर टक्क्यांवर चालतो, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

दुसरी अडचण लॅपटॉपच्या एचडीएमआयची. तो १.४ आवृत्तीचा असेल तर फोरके सेकंदाला तीसच चित्रं दाखवतो आणि माउसचा बाण हाताच्या मागून रखडत येतो. क्यूएचडी त्याच पोर्टवरून साठ चित्रांवर चालतो.

म्हणून वहिनींना माझं उत्तर सत्तावीस इंची क्यूएचडी. तेवढे पैसे नसतील तर चोवीस इंची फुल एचडी, जो सत्तावीस इंचीपेक्षा स्वस्तही पडतो आणि बारीकही दिसतो. सत्तावीस इंची फुल एचडी लांबून सिनेमा किंवा क्रिकेट बघायला ठीक आहे. जुनं सॉफ्टवेअर सोडलेल्या आणि नवा लॅपटॉप असलेल्या माणसाने खुशाल फोरके घ्यावा.

माहितीपत्रक वाचताना दोन शब्दांपाशी थांबावं. ‘फोरके सपोर्ट’ लिहिलं असेल तर तो मॉनिटर फोरकेचा सिग्नल फक्त स्वीकारतो, पॅनेल फुल एचडीचं असू शकतं. ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ या ओळीतलाच आकडा धरावा. ‘टूके’ हा शब्द कुणी क्यूएचडीला लावतं, कुणी फुल एचडीलाही, तेव्हा १४४० लिहिलंय का ते पाहावं. ‘पिक्सेल पिच’, म्हणजे एका पिक्सेलची रुंदी, दिली असेल तर गुणाकार-भागाकाराची गरजच नाही: सत्तावीस इंचीवर ०.३१ दिसलं की तो फुल एचडी, ०.२३ असेल तर क्यूएचडी.

दुकानात मॉनिटरवर समुद्राचे आणि फुलांचे व्हिडिओ लावलेले असतात, त्यांत घनतेचा फरक कळत नाही. दुकानदाराला नोटपॅड उघडायला सांगा, निर्मला यूआय फाँट नऊ पॉइंटवर ठेवा, वरचे चार शब्द टाइप करा आणि दोन फुटांवरून वाचा. घरी आणल्यावर `Display settings` मध्ये रिझोल्यूशनपुढे `Recommended` लिहिलेला पर्यायच निवडलेला आहे ना ते बघा. जुन्या केबलमुळे क्यूएचडी मॉनिटरही कधीकधी १९२० × १०८० वर सुरू होतो. मग एक पिक्सेल सुमारे १.३३ पिक्सेलांवर ताणला जातो आणि चांगल्या पॅनेलवरही अक्षर धूसर दिसतं. अशा वेळी आधी केबल बदलून पाहावी, मॉनिटर परत करायचा विचार नंतर.