लॅब रिपोर्ट वरून खाली लिहायचा की तक्त्यापासून? एकाच प्रॅक्टिकलवर दोन्ही करून बघितलं

माझी भाची बीएस्सी फर्स्ट इयरला आहे, इथेच इंदोरात. मंगळवारी रात्री आली ती रफ वहीची मागची दोन पानं, टिश्यू पेपरवर लिहिलेला एक आकडा आणि मोबाइलमधे ब्युरेटचे तीन फोटो घेऊन. "मावशी, शुक्रवारी सबमिट करायचंय, कुठून सुरू करू सांग ना." मी काही वर्षं लॅबमधे मुलांचे रिपोर्ट तपासलेत, त्यामुळे घरात असली कामं माझ्याचकडे येतात.

प्रॅक्टिकल होतं पाण्याच्या हार्डनेसचं. एक नमुना त्यांच्या बिल्डिंगच्या बोअरचा आणि एक नळाचा, म्हणजे नर्मदेचा. नमुन्यात पीएच १० चा अमोनिया बफर घालायचा, चिमूटभर ईबीटी इंडिकेटर टाकला की पाणी वाइन रेड होतं, आणि मग ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए सोडत जायचं, लाल पूर्ण जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचं.

आता दोन रस्ते आहेत. पहिला सगळेच वापरतात: हेडिंगं क्रमाने मांडा, उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, आणि वहीतलं जे जिथे बसेल ते तिथे भरत चला. दुसरा उलटा, आधी फक्त निरीक्षणाचा तक्ता, त्यावरून गणित, मग निष्कर्ष, मग कृती, आणि उद्देश सगळ्यात शेवटी. तिने पहिला करून आणला होता, दुसरा आम्ही जेवण झाल्यावर बसून केला.

पहिल्याला तिला पाऊण तास लागला आणि दिसायला एकदम साफसुथरा, खरं सांगते मला बघून कौतुकच वाटलं. पण उद्देश आणि कृती तिने मॅन्युअलमधून उतरवली होती, कारण ती दोन हेडिंगं वर असतात आणि तिथे पोहोचेपर्यंत वही उघडलेलीच नसते ना. मॅन्युअलमधे लिहिलंय "१०० मिलि नमुना घ्या". मग पुढचं गणितही १०० चंच. ०.०१ मोलर ईडीटीएचा १ मिलि म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढा हार्डनेस, १०० मिलि म्हणजे लिटरचा दहावा भाग, म्हणून दहाने गुणायचं. बोअरला सरासरी १८.६ मिलि लागलं, नुसत्या डिस्टिल्ड वॉटरला, म्हणजे ब्लँकला ०.१, तर

```
(१८.६ − ०.१) × १० = १८५ मिलिग्रॅम प्रति लिटर
```

आणि खाली निष्कर्ष: बोअरचं पाणी २०० च्या आत, म्हणून ठीक. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मधे, हार्डनेसची स्वीकार्य मर्यादा २०० च आहे, त्यामुळे वाक्य बरोबरच वाटतं.

मी म्हटलं, अगं तुझ्या आईच्या किटलीत पांढरा थर किती जमतो ते बघितलंयस का कधी? मग वही उघडली, तर पेन्सिलीत लिहिलेलं: "बोअर ५०, बफर २, ईबीटी". त्या दिवशी ईडीटीए कमी होतं म्हणून सरांनी सगळ्यांना ५० मिलिच घ्यायला सांगितलं होतं आणि हे ती पार विसरली होती. ५० मिलि म्हणजे लिटरचा विसावा भाग, वीसने गुणायचं, म्हणजे ३७०. एका उतरवलेल्या ओळीने उत्तर निम्मं झालं आणि निष्कर्ष उलटा. त्यात वाईट हे की १८५ बघून कुणाला शंकाही आली नसती.

दुसऱ्या रस्त्याने गेलं की हे अडतं, कारण तक्ता तुम्हाला आकडा कुठून आला ते विचारतो. आम्ही आधी प्रत्येक चिटोऱ्याला नंबर दिला, फोटोंच्या वेळेवरून क्रम लावला आणि चार कॉलम पाडले: सुरुवातीचं रीडिंग, शेवटचं, फरक, शेरा. टिश्यूवर नुसतं "३७.१" होतं. हे लागलेलं ईडीटीए की ब्युरेटचं रीडिंग? त्याच्या आधीच्या फोटोत पातळी १८.६ वर दिसत होती, म्हणजे ब्युरेट परत न भरता तिथूनच पुढे सोडलेलं, फरक १८.५. असे बोअरचे चार फरक निघाले: १९.४, १८.६, १८.५, १८.६.

पहिलं १९.४ तिने साफ प्रतीत गाळलंच होतं. ते तक्त्यात राहिलं पाहिजे, फक्त सरासरीत घ्यायचं नाही, आणि शेऱ्यात कारण लिहायचं. कारण वहीतच होतं: "जांभळा दिसलाच नाही, डायरेक्ट निळा". लाल आणि निळ्याच्या मधे जांभळी छटा येते, तिथून थेंब थेंब सोडायचं असतं, आणि निळा एकदा आला की आणखी कितीही ओता, निळाच राहतो, म्हणजे जास्त गेलेलं रंगावरून कळत नाही. उरलेली तीन ०.१ च्या आत जुळतात, म्हणून त्यांचीच सरासरी. व्हायवात पहिलं रीडिंग का सोडलं असं विचारलं तर उत्तर हातात आहे.

नळाच्या पाण्याला सरासरी ७.२ लागलं होतं, त्याचं १४२ आलं. निष्कर्षात दोन्ही आकडे, आणि एवढंच की आपल्या नमुन्यांत बोअरचा हार्डनेस नर्मदेच्या अडीचपटीहून थोडा जास्त, बोअर २०० च्या वर पण ६०० च्या आत, आणि दुसरा स्रोत नसेल तर मानक ६०० पर्यंत चालवून घेतं. तिला "बोअरचं पाणी पिण्यालायक नाही" लिहायचं होतं, मी काढायला लावलं. आपण फक्त हार्डनेस मोजलाय बाई, बाकी पाण्यात काय आहे ते बघितलंच कुठे. तसंच "पाणी जड आहे" हे तिने निरीक्षणात घातलं होतं, ते निष्कर्षात गेलं. निरीक्षणात रंग आणि रीडिंगं, बस.

कृती मग भूतकाळात: ५० मिलि घेतलं, २ मिलि बफर घातलं, पाच मिनिटांच्या आत टायट्रेशन संपवलं (बफर घालून ठेवून दिलं तर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसायला लागतं आणि रीडिंग कमी येतं).

या रस्त्याला दीड तास गेला, आणि एक धोका त्यातही आहे. उद्देश शेवटी लिहिला की तो निकालाला शोभेल असा लिहायचा मोह होतो. सरांनी दिलेला उद्देश होता "दोन नमुन्यांचा एकूण हार्डनेस काढणे", तर तोच राहणार, "बोअरचं पाणी जास्त जड असल्याचं दाखवणे" असं करायचं नाही. आपण फक्त नमुने कुठले ते त्यात जोडलं.

मग कुणी काय करावं? मॅन्युअलमधलं माप खरोखर तसंच्या तसं घेतलं असेल, रीडिंगं एकाच पानावर असतील आणि जर्नलमधे सहा प्रॅक्टिकलं पेंडिंग असतील, तर वरून खाली लिहा, काही बिघडत नाही, फक्त नमुन्याचं माप वहीत बघून मगच गुणाकार करा. पण त्या दिवशी एक जरी माप बदललं असेल, किंवा नोंदी दोघांच्या वह्यांत वाटल्या गेल्या असतील, तर तक्त्यापासूनच. आणि तक्त्यात सुरुवातीच्या रीडिंगचा कॉलम भरता येत नसेल, फोटोही नसेल, तर अंदाजाने शून्य टाकू नका, ते टायट्रेशन परत करा. भाचीचं नळाचं तिसरं रीडिंग असंच निघालं, सुरुवात कुठेच सापडेना. तिने सरांना विचारून गुरुवारी ते परत केलं, आता ७.२ लागलं, आणि शेऱ्यात वेगळी तारीख घातली.