पावसाळ्यात काखेचा घाम: डिओ सोडून अँटिपर्स्पिरंट वापरल्यावर

शहापूरच्या खडेबाजारात साडीच्या दुकानात कामाला आहे. वरच्या फळीवरून साड्या काढायच्या, गिऱ्हाइकासमोर पदर उलगडून धरायचा, म्हणजे हात सारखा वर. उन्हाळ्यात घाम येतो तसा वाऱ्यावर सुकतोही, पण जूनमध्ये पाऊस लागला की हवाच ओली असते आणि घाम कुठे जायचं नाव घेत नाही. राखाडी किंवा मोरपंखी ब्लाउज असला तर अकरा वाजेपर्यंत काखेत हातभर डाग. वर्षानुवर्षं डिओ मारत होते. वास यायचा नाही, ओल तशीच.

मुळात डिओचं ते काम नाहीच. ताज्या घामाला फारसा वास नसतो. काखेतले जंतू त्यातले पदार्थ फोडतात तेव्हा वास सुटतो. डिओ त्या जंतूंना आवरतो आणि वर सुगंधाचा थर देतो. घाम जितका यायचा तितका येतोच. त्यामुळे ज्याला फक्त वासाची अडचण आहे त्याने डिओच घ्यावा, उगाच पुढचं वाचू नये.

घाम कमी करतो तो अँटिपर्स्पिरंट, आणि त्यात अॅल्युमिनियमचे क्षार असतात. साध्या रोल-ऑनवर घटकांमध्ये बहुधा अॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट लिहिलेलं असतं. त्वचेच्या डॉक्टरांनी मला दिलं ते अॅल्युमिनियम क्लोराइड हेक्झाहायड्रेटचं २० टक्के द्रावण. ते जास्त कडक. दोन्हींची रीत एकच. क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी उतरतो, तिथल्या ओलाव्याशी आणि प्रथिनांशी मिळून जेलीसारखा बोळा तयार होतो आणि वाट बंद होते. कातडी झडत राहते तसा बोळाही काही दिवसांत निघून जातो, म्हणून पुन्हा लावावं लागतं.

आता खरी मेख वेळेची. डॉक्टरांनी सांगितलं, रात्री झोपताना लावायचं आणि सकाळी धुऊन टाकायचं. धुतल्यावर जाणार नाही का, हा माझा पहिला प्रश्न. नाही जात, कारण बोळा नळीच्या आत बसलेला असतो, वरचं फक्त उरलंसुरलं निघतं. रात्री घाम कमी, म्हणून औषध वाहून न जाता आत शिरतं. सकाळी घाम सुरू झाल्यावर लावलं तर ते घामाबरोबर ब्लाउजवरच येतं.

दुकानातल्या वहिनींनी माझं बघून तेच द्रावण आणलं आणि सकाळी अंघोळ झाल्या झाल्या, काख नीट पुसायच्या आधीच लावलं. दुपारपर्यंत नुसती आग आणि खाज. ओल्या कातडीवर अॅल्युमिनियम क्लोराइड पडलं की थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, तेच चावतं. पावसाळ्यात आपल्याकडे टॉवेलही धड वाळत नाही, म्हणून मी काख पुसून पंख्याखाली बसते, हात फिरवून कोरडी लागली की मगच लावते. लाईट गेली असली तर हेअर ड्रायरही नाही, मग वहीने वारा घालायचा. केस काढल्यावर दोन दिवस लावायचंच नाही. हे वहिनींना आता पक्कं ठाऊक आहे. त्यांना शेवटी रोल-ऑनच मानवलं.

फरक पहिल्या सकाळी दिसला नाही. सुरुवातीला रोज रात्री लावलं, आठवडाभरात डाग लहान झाले. मग एक दिवसाआड, आता आठवड्यातून एक-दोनदा. अगदी कोरडं होत नाही, आणि तशी अपेक्षाही नको. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या नियमात अँटिपर्स्पिरंट म्हणवून घ्यायला घाम किमान २० टक्के कमी झाला तरी पुरतं. कडक द्रावण त्याहून बरंच जास्त करतं, असा माझा अनुभव.

तक्रार आहे ती कपड्यांची. क्षार आणि घाम मिळून पांढऱ्या ब्लाउजला काखेत पिवळट, कडक डाग पडतात. धुण्याआधी व्हिनेगरमध्ये भिजवलं तर बरेच निघतात. ब्लीच लावलं तर उलट जास्त पिवळे होतात. रेशमी ब्लाउजच्या दिवशी मी द्रावणाच्या वाटेलाच जात नाही.

सासूबाई म्हणतात, तुरटी फिरव की गं. तुरटीतही अॅल्युमिनियमच असतं, पण ती वासासाठी बरी. इतका घाम ती आवरत नाही. ‘घाम अडवला तर आजार होतो’ हेही त्यांचं. काख म्हणजे अंगाचा एवढासा भाग, बाकी अंग घाम गाळतच राहतं. कॅन्सरशी संबंध असल्याचं सिद्ध झालेलं नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. आणि अचानक सर्वांगाला घाम सुटू लागला, रात्री चादर भिजू लागली, वजन उतरलं, तर ते काखेचं प्रकरण नव्हे. तिथे थायरॉइड वगैरे तपासावं लागतं, रोल-ऑनने भागत नाही.