एक देखणा क्लोज-अप की चार साधे फोटो?

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर झाडाची नोंद टाकताना फुलाचा एकच झकास क्लोज-अप द्यावा, की झाडाचे चार साधे फोटो? मी दोन्ही करून पाहिलंय.

क्लोज-अप वाईट नसतो. रुईचंच घ्या. पाकळ्या उभ्या आणि टोकाला जांभळ्या असल्या की कॅलोट्रोपिस प्रोसेरा, पसरट असल्या की जायगँटिया. एका फुलावर भागतं. धुळ्याच्या उन्हात उगाच कशाला थांबायचं?

माझं मत फिरलं ते टाकळ्यामुळे. लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी सप्टेंबरात दवात भिजलेलं पिवळं फूल टिपलं. मेंढ्या वळणारे बाबा हसले, "टाकळाना काय फोटू काढी ऱ्हायना भाऊ?" फोटो सुरेख आला, पण ओळख पटवणाऱ्याने विचारलं: पानाच्या दांड्यावर ग्रंथी किती? शेंगेचा देठ केवढा? टाकळा म्हणून दिसणाऱ्या जाती दोन. सेन्ना टोरात पर्णिकांच्या खालच्या दोन जोड्यांमध्ये बारीक ग्रंथी दिसतात. अमेरिकेतून आलेल्या सेन्ना ऑब्ट्युसिफोलियात बहुधा फक्त सगळ्यात खालच्या जोडीत, आणि शेंगेचा देठ लांब. फुलं मात्र दोघांची सारखीच पिवळी. पंधरा दिवसांनी परत गेलो, तर रस्त्याकडेचं सगळं तण छाटलेलं. ती नोंद अजून नुसत्या 'सेन्ना'वर अडकली आहे. मला खुपलं ते हेच: राहून गेलेला फोटो पुन्हा काढायला झाड जागेवर असेलच असं नाही.

तेव्हापासून चार काढतो. जमिनीसकट पूर्ण झाड, दांड्याजवळून पान, फूल समोरून आणि बाजूने दिसेल असं, आणि देठासकट शेंग, शेजारी मापाला पाच रुपयांचं नाणं. टाकळ्याची पानं संध्याकाळी मिटतात, म्हणून हे सकाळीच उरकावं. मात्र चारही फोटो एकाच नोंदीत जोडा. वेगवेगळे टाकले की एका झाडाच्या चार नोंदी होतात आणि शेंगेचा फोटो पानापासून तुटतो.

पूर्ण झाडाच्या फोटोतून अधिवास थोडाफार दिसतो, पण माती ओली की कोरडी, झाड आपोआप उगवलं की कुणी लावलं, हे फोटो सांगत नाही. लावलेलं असेल तर तशी खूण करायलाच हवी, नाहीतर रस्त्याकडेचा लावलेला कडुनिंबही रानातला ठरतो. फुलोऱ्याचंही तसंच. क्लोज-अपमधून एक फूल उमललंय एवढंच कळतं, अख्ख्या झाडाचा बहर सुरू होतोय की सरतोय ते नाही. म्हणून `Notes` मध्ये दोन ओळी लिहितो. लळिंगच्या त्या टाकळ्याला मी असं लिहायला हवं होतं: "डांबरी रस्त्याची कड, मुरमाड जमीन, आपोआप उगवलेला. सुमारे तीस झाडं. बहुतेकांना फुलं आणि कोवळ्या शेंगा एकत्र, वाळलेली शेंग एकही नाही."

घाई असेल आणि समोर रुई असेल, तर क्लोज-अप खुशाल काढा. टाकळ्यापुढे मात्र मी आता गुडघे टेकूनच बसतो.