साखरेचा शेअर की बँकेचा? बीटा हाताशी घेऊन ठरवताना

सांगलीत शेअरचा विषय निघाला की साखर कंपनीचं नाव येतंच, आणि पाठोपाठ सल्लाही येतो: ‘साखर फार वरखाली होते, त्यापेक्षा मोठी खासगी बँक घ्या.’ हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. त्यासाठी दोन्ही शेअर आकड्यांत शेजारी ठेवून बघू. आकडे समजण्यासाठी धरले आहेत, कुठल्याही एका कंपनीचे नाहीत.

साखरेच्या शेअरचा वार्षिक चढउतार, म्हणजे परताव्याचं प्रमाण विचलन, 40 टक्के धरू. बँकेचा 24 टक्के आणि निफ्टीचा 16 टक्के. नुसतं एवढंच पाहिलं तर बँक सुरक्षित वाटते. पण निफ्टीशी साखरेचा सहसंबंध 0.3 आहे आणि बँकेचा 0.8. बाजार एक टक्का हलला तर शेअर सरासरी किती टक्के हलतो, तो आकडा म्हणजे बीटा. तो काढायचा तर हा सहसंबंध गुणिले शेअरचा चढउतार, भागिले बाजाराचा चढउतार. साखरेचा बीटा येतो 0.75, बँकेचा 1.2. बाजार 10 टक्के पडला तर बँक सरासरी 12 टक्के पडेल आणि साखर साडेसात.

मग साखरेचे उरलेले हेलकावे कुठून येतात? ते धंद्याचे स्वतःचे आहेत. 7 डिसेंबर 2023 ला केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली आणि साखरेचे शेअर कोसळले. त्याच आठवड्यात निफ्टी मात्र नवे उच्चांक गाठत होता. अशी जोखीम पैसे वेगवेगळ्या धंद्यांत विभागले की बरीचशी विरते. व्याजदर, मंदी, युद्ध यांचा फटका सगळ्या शेअरना एकदम बसतो. ती बाजाराची जोखीम कितीही शेअर घेतले तरी उरते. चढउताराचा वर्ग करून वाटणी केली, तर साखरेच्या एकूण जोखमीत बाजाराचा वाटा फक्त 9 टक्के भरतो आणि बँकेच्या जोखमीत 64 टक्के. मात्र पाच साखर कंपन्या घेणं म्हणजे विभागणी नव्हे, कारण एकच सरकारी आदेश पाचांनाही लागतो.

1964 मध्ये विल्यम शार्प यांनी मांडलेल्या कॅपिटल असेट प्रायसिंग मॉडेलचा, म्हणजे सीएपीएमचा, गाभा हाच आहे: जी जोखीम विभागणीने टाळता येते, तिच्यासाठी बाजार जादा परतावा देत नाही. अपेक्षित परतावा म्हणजे बिनजोखमीचा दर, अधिक बीटा गुणिले बाजाराचा जादा परतावा. सरकारी रोख्याचा दर 7 टक्के आणि बाजाराचा त्यावरचा जादा परतावा 6 टक्के धरला, तर साखरेकडून 11.5 टक्के मागायला हवेत आणि बँकेकडून 14.2. आडव्या अक्षावर बीटा आणि उभ्यावर परतावा घेऊन ही मागणी काढली की जी सरळ रेघ मिळते, ती सिक्युरिटी मार्केट लाइन. आता समजा, ताळेबंद वाचून तुमचा स्वतःचा अंदाज साखरेसाठी 13 टक्के आणि बँकेसाठी 14 टक्के आहे. बँकेचा आकडा मोठा दिसतो, तरी ती रेघेच्या किंचित खाली बसते. साखर दीड टक्का वर आहे, म्हणजे जोखमीच्या मानाने स्वस्त.

इथेच निकाल देऊन मोकळं होऊ नये, कारण बीटा हा अंदाज असतो. साठ महिन्यांचे मासिक परतावे दोन रकान्यांत मांडून एक्सेलमध्ये हे लिहा:

```
=SLOPE(B2:B61,C2:C61)
=RSQ(B2:B61,C2:C61)
```

B मध्ये शेअर, C मध्ये निफ्टी. पहिलं सूत्र बीटा देतं, दुसरं बाजाराचा वाटा. आपल्या साखरेच्या शेअरसारखा वाटा 0.09 च्या आसपास असेल, तर बीटाची प्रमाण त्रुटी सुमारे 0.3 येते. खरा बीटा 0.75 ऐवजी 1 असणं सहज शक्य आहे. तसं झालं तर मागणी 13 टक्क्यांवर जाते आणि दीड टक्क्याचा फायदा साफ पुसला जातो. बँकेचा बीटा एवढा डळमळीत नसतो. आणखी एक खोट म्हणजे कमी उलाढालीच्या शेअरचा रोजच्या भावांवरून काढलेला बीटा खोटा कमी दिसतो, कारण सौदेच उशिरा होतात. म्हणून रोजचे नव्हे, महिन्याचेच आकडे घ्या.

माझं मत असं. विश्रामबागेत राहणारा, पगारावर चालणारा, आधीच वेगवेगळ्या क्षेत्रांतले पंधरा-वीस शेअर बाळगणारा माणूस असेल, तर त्याने साखर घ्यावी, पण बीटा 1 धरूनही आपला अंदाज मागणीला पुरतो का ते आधी तपासावं. वाळव्यात किंवा पलूसला चार एकर ऊस असणाऱ्याने तीच साखर टाळावी. सीएपीएम गृहीत धरतं की तुमची सगळी संपत्ती बाजारात आहे आणि नीट विभागलेली आहे. त्याची मोठी संपत्ती शेतात आहे. कारखाना अडचणीत आला की उसाचं बिल रखडतं आणि शेअरही त्याच वेळी पडतो. इतरांची विभागणीत विरणारी जोखीम त्याच्या घरी दुप्पट होऊन येते. त्याच्यासाठी रेघेच्या थोडी खाली बसलेली बँकच बरी, आणि बँकेपेक्षाही निफ्टीचा इंडेक्स फंड बरा: बीटा 1, मागणी 13 टक्के, आणि एकट्या कंपनीची जोखीम जवळपास नाही.