तरंगती बेटं आणि धबधबे: धुकं हाताने रंगवायचं की ब्लेंडरमध्ये टाकायचं?

एकच चित्र करायचं असेल, म्हणजे कव्हर किंवा पोस्टर, तर सरळ हाताने रंगवा. कॅमेरा फिरणार असेल तर ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर. धुकं घालायचं ते बेटं लांब आणि प्रचंड वाटावीत म्हणून. आता का ते सांगतो.

पावसाळ्यात उघडीप मिळाली की सिंहगडावरून राजगड-तोरण्याकडे बघा. जवळची सोंड गर्द हिरवी, सावल्या जवळपास काळ्या, आणि तोरण्यापर्यंत नजर जाते तोवर काळं काही उरतच नाही, सगळं निळसर राखाडी. पण कडा धारदारच असते हां. लांबचं म्हणजे ब्लर असं समजून लोक बेटं ब्लर करतात आणि मग ते टेबलावर ठेवलेलं खेळणं वाटतं.

ब्लेंडरमध्ये हा हिशोब आपोआप होतो. हवेत धुकं भरणाऱ्या Volume Scatter नोडचा रंग पांढरा, Density 0.001 आणि सीन खऱ्या मीटरमध्ये असेल तर २०० मीटरवरच्या बेटाचा साधारण ८२ टक्के प्रकाश आपल्यापर्यंत पोचतो, ८०० मीटरवरच्याचा ४५ आणि दोन किलोमीटरवरच्याचा जेमतेम १४. म्हणजे तीन बेटं, तीन स्वच्छ थर. तिथेच 0.01 टाकलंत तर दुसरं बेट गायबच. तोटा एवढाच की रेंडर रडवतो, दाणे येतात, आणि धुकं सगळीकडे सारखंच पसरतं.

हाताने रंगवताना, म्हणजे क्रिटासारख्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मात्र धुकं पाहिजे तिथेच बसवता येतं. प्रत्येक बेटाच्या मागे एक लेयर, रंग क्षितिजाजवळच्या आकाशातून उचललेला, बेटाच्या बुडाशी दाट आणि वर विरळ. शुभ्र पांढरा घेऊ नका, धुकं आकाशापेक्षा उजळ झालं की बेट कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं. चेक करायला चित्र ग्रेस्केल करा, मागच्या बेटाची सगळ्यात गडद जागा पुढच्याइतकीच काळी निघाली तर स्केल गेलाच म्हणून समजा.

धबधब्यात तर हातच जिंकतो असं माझं मत. व्हेनेझुएलाचा एंजल धबधबा ९७९ मीटर आहे आणि खाली येईपर्यंत त्यातलं बरंच पाणी तुषार होऊन उडतं. तुमच्या बेटाखाली तर जमीनच नाही! त्यामुळे वर बारीक सलग धार, मग तुटक धागे, आणि शेवटी नुसता धूर, वाऱ्याने एका बाजूला ओढलेला. वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा पांढरा पट्टा काढला की तो नळ वाटतो, मग मागे कितीही थर असू देत.

ॲनिमेशनमध्ये अजून एक गोची असते ती वेगाची. हवेचा अडथळा सोडला तरी पाण्याला १०० मीटर पडायला साडेचार सेकंद लागतात. तुमची धार एका सेकंदात टोकाला पोचत असेल तर बघणाऱ्याला ती पाच मीटरचीच वाटणार, आणि तिच्या वरचं बेट बागेतल्या दगडाएवढं.