‘बघते’ म्हणजे हो नव्हे : शाळेच्या पिकअपची अदलाबदल, आठ महिन्यांनंतर

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा आमच्या बी विंगमधल्या वहिनी आणि मी ठरवलं, की दोन्ही मुलांना दुपारी एकाच गाडीतून आणायचं. माझी मुलगी तिसरीत, त्यांचा मुलगा पहिलीत. शाळा एरंडवण्यात, आम्ही वारज्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी. मंगळवार, गुरुवार त्या. सकाळी दोघंही व्हॅननं जातात, त्यामुळे प्रश्न फक्त दुपारचा. शाळेचं फोटोवालं पिकअप कार्ड दोन्ही घरांनी पहिल्याच आठवड्यात एकमेकांच्या नावानं करून घेतलं. ते नसेल तर गेटवरचे मामा मूल सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

ठरलेले वार बिनबोभाट चालतात. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. हा अनुभव आहे तो एका दिवसापुरत्या अदलाबदलीचा. आठ महिन्यांत अशी अदलाबदल चौदा वेळा झाली आणि त्यातल्या दोनदा मुलं गेटवर बसून राहिली.

पहिली वेळ जुलैमधली. बुधवार माझा, पण दुपारी दोनला हिंजवडीत मीटिंग आली. मंगळवारी रात्री अकरा वाजता मी मेसेज टाकला, “वहिनी, उद्याचं पिकअप जमेल का? गुरुवारी मी करतो.” उत्तर आलं, “बघते भाऊजी.” मी निर्धास्त झोपलो. बुधवारी तीनला पाच कमी असताना शाळेतून फोन, “मुलांना न्यायला कोणी आलं नाहीये.” मी हिंजवडीत, वहिनी स्वारगेटला. त्या रिक्षानं पोचल्या तेव्हा साडेतीन उलटून गेले होते. मुलांनी दोन्ही डब्यांतलं उरलंसुरलं संपवून टाकलं होतं आणि ती मजेत होती. घाम फक्त आम्हाला फुटला.

चूक कुणाची? मी ‘बघते’चा अर्थ ‘मी सांभाळून घेते’ असा घेतला. त्यांच्या मनात होतं ‘जमतंय का ते बघते आणि सांगते’. आपल्याकडे हे दोन्ही अर्थ चालतात, हीच अडचण. शिवाय आम्ही एकमेकांना वहिनी-भाऊजी म्हणतो, अहो-जाहो करतो. असल्या नात्यात माणूस तोंडावर नाही म्हणत नाही आणि समोरचा पुन्हा विचारत नाही. “नक्की ना?” असं विचारलं तर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं.

त्यानंतर आम्ही मेसेजची एक पद्धत लावली. नमुना हा असा :

“बुधवार १२. आणायला वहिनी, पांढरी स्विफ्ट. पहिलीचं मागचं गेट २:३०, तिसरीचं मोठं गेट २:४५. बदल्यात गुरुवार १३ मी.”

‘उद्या’ हा शब्द बंद. रात्री बाराच्या पुढे मेसेज वाचला, की उद्याचं आज होतं. वार आणि तारीख दोन्ही लिहायचं, म्हणजे एकात चूक झाली तर दुसरं पकडून देतं. एकदा मी ‘मंगळवार १९’ लिहिलं आणि १९ला बुधवार होता. वहिनींनी लगेच विचारलं.

उत्तरात अंगठा चालत नाही. समोरच्यानं स्वतः लिहायचं : “बुधवारी मी, अडीचला मागच्या गेटवर.” एवढं लिहायला दहा सेकंदही लागत नाहीत, पण ते लिहिताना माणूस स्वतःचं कॅलेंडर डोळ्यांसमोर आणतोच. अंगठा मेसेज न वाचताही देता येतो. मी स्वतः दिलेला आहे. आणि असं उत्तर येत नाही तोवर दिवस ज्याचा होता त्याचाच राहतो. खरं तर सगळी पद्धत याच एका वाक्यावर उभी आहे. अंगठा आला, निळ्या खुणा आल्या, तरी उत्तर नसेल तर मीटिंग सोडून मी निघायचं.

गाडी कुठली हे का लिहायचं, ते ऑगस्टमध्ये कळलं. वहिनींची गाडी सर्व्हिसिंगला होती आणि त्यांच्या डोक्यात स्कूटर होती. स्कूटरवर चालवणाऱ्यामागे एकालाच बसवता येतं. दोन मुलं म्हणजे ट्रिपल सीट. चार वर्षांपुढच्या मुलालाही हेल्मेट लागतं, आणि मुलीचं हेल्मेट आमच्या घरी. वेळेत विचारलं म्हणून त्या दिवशी त्या माझी गाडी घेऊन गेल्या.

दुसरा घोळ नोव्हेंबरमधला, आणि हा मला जास्त शिकवून गेला. सोमवारी माझ्याऐवजी त्या गेल्या, सगळं सुरळीत झालं. बदल्यात गुरुवार माझा होता. तो मी साफ विसरलो. ज्याला नड असते तो नडीचा दिवस विसरत नाही. परतफेडीचा दिवस मात्र नेहमीच्या वारांत विरघळून जातो. मेसेजमध्ये तो होता, पण तीन दिवसांत वर कुठेतरी गेला होता. आता परतफेडीचा दिवस उगवायच्या आदल्या रात्री तो मेसेज नव्यानं टाकायचा आणि त्याचंही उत्तर नव्यानं घ्यायचं. शक्यतो परतफेड लगेच दुसऱ्या दिवशी. आठवडा ओलांडला तर ती मागायचीच नाही, सोडून द्यायची. वहिनींची दोन पिकअप माझ्याकडे अशीच बुडाली आहेत. त्या मोजत नाहीत म्हणतात. मी मोजतो.

व्हॉट्सअ‍ॅपची एक खोड इथेच सांगून ठेवतो. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो. मी एकदा २:४५चे ११:३० केले, कारण परीक्षेचा शेवटचा दिवस होता आणि शाळा लवकर सुटणार होती. वहिनींनी जुना मेसेज आधीच वाचलेला, बदल झाल्याचा त्यांना पत्ताच नाही. संध्याकाळी जिन्यात भेटलो म्हणून निभावलं. आता वेळ बदलली की नवा मेसेज, आणि जुना डिलीट.

त्या दिवशी जो आणायला जाणार त्यानं दोनच्या आत “निघालो” किंवा “निघाले” टाकायचं. दुपारी वारजे ते एरंडवणे पंचवीस मिनिटं पुरतात, पण पाऊस असला तर कर्वे पुतळ्यापाशीच दहा-पंधरा मिनिटं जातात. दोनपर्यंत मेसेज नाही आला तर दुसऱ्यानं फोन करायचा, मेसेज नाही. तेव्हा घोटाळा कळला तरी अर्धा तास हातात असतो. नोव्हेंबरमध्ये हा नियम असता तर मुलं बसून राहिली नसती.

जिथे हे चालत नाही तेही सांगतो. मूल मध्येच आजारी पडलं की शाळा त्याच्या आईबाबांनाच फोन करते; त्या दिवशी अदलाबदल आहे हे त्यांना माहीत नसतं आणि असायची गरजही नाही. दोघांनाही एकाच दिवशी अडचण आली तर ही पद्धत कुचकामी. तेव्हा माझे सासरे कोथरूडहून रिक्षानं जातात. त्यांचाही फोटो कार्डावर आहे.

आणि मुलांना सकाळी सांगायला विसरू नका. सप्टेंबरमध्ये आम्ही दोघांनी सगळं चोख ठरवलं, उत्तरं लिहिली, गाडी वेळेत पोचली. माझी मुलगी गेटवर हटून बसली, “आज बुधवार आहे, बाबाच येणार.” वहिनींनी मला व्हिडिओ कॉल लावला. मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, मी तिला सांगितलं, “काकूंबरोबर जा.” तिनं विचारलं, “मग सकाळी का नाही सांगितलंस?”