सत्तरीच्या डोंगरात वेळ मोजायची कशी: नेस्मिथ की जर्मन रीत?

साखळीहून भाच्याचा फोन आला. "मामा, रविवारी शीतकडी जेवून एकला निघालो, तर काळोख पडायच्या आत खाली येऊ ना?" डिसेंबरचे दिवस. गोव्यात तेव्हा सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि झाडीत त्याही आधी दिसेनासं होतं. एका बाजूने सहा किलोमीटर, चढ सहाशे मीटर, त्याच वाटेने परत, असा त्याचा बेत होता. त्याने फोनवर पटकन हिशेब केला होता आणि त्याचं उत्तर 'आरामात' असं होतं. मी दुसऱ्या रीतीने केला, तर उत्तर 'काळोखात' आलं. दोन्ही रीती जुन्या आणि नावाजलेल्या, मग फरक एवढा का?

भाच्याने वापरला तो नेस्मिथचा नियम. विल्यम नेस्मिथ हा स्कॉटलंडचा गिर्यारोहक. १८९२ साली त्याने साधी गोष्ट सांगितली: तीन मैलांना एक तास धरा, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आपल्या मापात, ताशी पाच किलोमीटर, आणि दर शंभर मीटर चढाला दहा मिनिटं. उताराला वेगळं काही नाही, तो सपाट रस्त्यासारखाच.

दुसरी रीत जर्मनीतली, पायवाटांवरच्या दिशादर्शक पाट्यांसाठी ठरवलेल्या डीआयएन ३३४६६ या मानकातली. तिच्यात अंतराचा वेळ ताशी चार किलोमीटरने काढायचा, आणि उंचीचा वेळ वेगळा: चढताना ताशी तीनशे मीटर, उतरताना ताशी पाचशे. मग या दोन वेळांपैकी मोठा पूर्ण धरायचा आणि लहान अर्धा करून त्यात मिळवायचा. थोडी किचकट आहे खरी, पण पाठीला पिशवी असतानाही तोंडी जमते.

भाच्याच्या वाटेवर दोन्ही लावून बघू.

| | नेस्मिथ | जर्मन रीत |
|---|---|---|
| चढताना | २ तास १२ मिनिटं | २ तास ४५ मिनिटं |
| उतरताना | १ तास १२ मिनिटं | २ तास ६ मिनिटं |
| एकूण | ३ तास २४ मिनिटं | ४ तास ५१ मिनिटं |

जर्मन आकडे असे येतात: सहा किलोमीटरला दीड तास, सहाशे मीटर चढाला दोन तास. मोठा दोन, त्यात दीडचा अर्धा, म्हणजे पाऊण तास. उतरताना सहाशे मीटरला एक तास बारा मिनिटं होतात, पण अंतराचा दीड तास मोठा आहे. म्हणून दीड तास अधिक छत्तीस मिनिटं.

दोन्हींत विश्रांती धरलेली नाही. पाऊण तास बसणं-पाणी-फोटो धरला, तर एक वाजता निघालेला भाचा नेस्मिथच्या हिशेबाने पाच वाजून नऊ मिनिटांनी खाली, आणि जर्मन हिशेबाने सहा वाजून छत्तीस मिनिटांनी.

खरा वेळ किती लागतो ते मला माहीत होतं, कारण मागल्या वर्षी त्याच वाटेवर मी घड्याळ बघून टिपलं होतं. आम्ही चौघं होतो. थांबणं वगळून चढायला २ तास ३५ मिनिटं लागली, उतरायला २ तास १०. चढाला नेस्मिथ फार चुकला नव्हता, तेवीस मिनिटांनीच. पण उताराला त्याने सांगितलेल्या वेळेच्या जवळजवळ दुप्पट वेळ गेला.

का, ते वाट बघितली की कळतं. पहिले साडेचार किलोमीटर कुळागराच्या कडेने, दोन व्हाळ ओलांडत, हळूहळू चढत जातात, त्यात उंची दोनशे मीटरच वाढते. शेवटच्या दीड किलोमीटरला चारशे मीटर. तिथे वाळलेल्या पानांच्या थराखाली जांभ्याची गोल खडी असते, पाय ठेवला की घरंगळते. चढताना ती त्रास देत नाही, पुढच्या पायावर भार असतो. उतरताना मात्र प्रत्येक पाऊल चाचपून टाकावं लागतं, झाडाची मुळं धरावी लागतात. आमच्यातला एकजण शेवटी बसून घसरतच खाली आला.

नेस्मिथची ही उणीव त्याच्या देशातही लोकांना जाणवली. एरिक लँगमुइरने नंतर सुधारणा सुचवली: पाच ते बारा अंशांच्या सौम्य उताराला दर तीनशे मीटरमागे दहा मिनिटं वजा करा, बारा अंशांहून तीव्र असेल तर दहा मिनिटं वाढवा. आमचा दीड किलोमीटरचा तुकडा साधारण पंधरा अंशांचा, म्हणजे तेरा-चौदा मिनिटं वाढतात. तरी उतार दीड तासाच्या आतच येतो. आपल्या जांभ्याला ते पुरत नाही.

जर्मन रीतही निर्दोष नाही. वाटेचे तुकडे पाडून हिशेब केला, तर तिचं उत्तर बदलतं. वरचीच वाट साडेचार आणि दीड किलोमीटर अशी तोडली, तर एकूण सव्वापाच तासांच्या वर जातं. म्हणजे आम्हाला लागलेल्या पावणेपाच तासांपेक्षा अर्धा तास जास्त. नेस्मिथला तुकडे पाडा किंवा नको, उत्तर तेच. तरी संध्याकाळ गाठायची असताना अर्धा तास जास्त धरलेला मला चालतो, सव्वा तास कमी धरलेला नाही.

मग नेस्मिथ कधी वापरावा? वाट सपाट आणि मोकळी असेल तेव्हा. दहा किलोमीटरची जंगलातली गाडीवाट, शंभर मीटर चढ: नेस्मिथ दोन तास दहा मिनिटं म्हणतो, जर्मन रीत दोन तास चाळीस. फरक अर्ध्या तासाचा, तोही चालण्याच्या वेगामुळे. तुम्ही झपझप चालणारे असाल तर नेस्मिथ घ्या, लहान मुलं सोबत असतील तर दुसरी. पावसाळ्यात मात्र दोन्हींवर विसंबू नका. व्हाळाला पाणी आलं, तर ते उतरेपर्यंत काठावर बसावं लागतं, आणि तो वेळ कुठल्याच नियमात नाही.

आकडा कुठून घेता, त्यावरही बरंच ठरतं. चढ म्हणजे पायथा आणि माथा यांच्या उंचीतला फरक नव्हे. एका सड्यावर दीडशे मीटर चढलात, पलीकडे शंभर मीटर व्हाळात उतरलात आणि समोरचा सडा पुन्हा शंभर मीटर चढलात, तर फरक दीडशेचा दिसेल, पण चढ अडीचशेचा झाला. आणि परतताना ते व्हाळातले शंभर पुन्हा चढायचेच आहेत. नकाशावर समान उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा मोजा: सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर साधारणपणे दोन रेषांमध्ये वीस मीटर असतात. चढत्या रेषाच मोजायच्या. फोनने टिपलेला चढ मी थेट घेत नाही. दाट झाडीत त्याची उंची वर-खाली उडते, आणि प्रत्येक खोटी उडी चढ म्हणून मोजली जाते.

एकदा स्वतःचं माप काढून ठेवलं, की नेस्मिथही कामाचा होतो. आमचे २८५ मिनिटं भागिले त्याचे २०४, म्हणजे १.४. अशाच उताराच्या वाटेला मी आता नेस्मिथ काढतो आणि १.४ ने गुणतो. गटातला सगळ्यांत सावकाश चालणारा बदलला, की हा आकडाही बदलतो. भाच्याच्या गटात त्याच्या ऑफिसातले दोघे पहिल्यांदाच डोंगर चढणार होते, म्हणून त्यांच्यासाठी मी जर्मन आकड्यावर आणखी अर्धा तास धरला.

त्याला सांगितलं, सकाळी सातला निघा, बारा वाजता माथ्यावर नसलात तरी परत फिरा. शीतकडी खाली आल्यावर जेवा. अभयारण्याच्या हद्दीत वाट असेल, तर वनखात्याची परवानगी आधी काढून ठेवा. तो म्हणाला, "मग शनिवारी रात्री लवकर झोपावं लागेल." ती अडचण मोठी होती म्हणे.